एसआयमध्ये दोन मिळवले म्हणून नापास

अन्याय झाला माझ्या लॅब-पार्टनरवर. मे महिन्यातल्या एका मंगळवारी, चौथ्या सेमिस्टरच्या मायक्रोप्रोसेसर प्रॅक्टिकलला, दुपारच्या बॅचमध्ये, जेवणाची सुट्टी संपल्यावर. ठिकाण मुलुंडमधलं आमचं इंजिनीअरिंग कॉलेज, तिसऱ्या मजल्यावरची लॅब. तिचा गुन्हा एवढाच की तिने बरोबर उत्तर लिहिलं.

मी विद्यार्थी संघटनेत काम करते. पत्रकं लिहिते, वाटते, फाडलेली उचलून परत वाटते. पहिल्याच वर्षी मला तिथे सांगितलं गेलं होतं की पहिल्या ओळीत कोणावर अन्याय झाला आणि कधी ते यायलाच पाहिजे, नाहीतर वाचणारा दुसऱ्या ओळीला पत्रक खिशात कोंबतो. म्हणून तसं लिहिलं. तिचं नाव मात्र लिहीत नाही. तिनेच सांगितलंय, "माझ्या नावाने पुरे झालं हां आता तुझं."

ती भांडुपची. टेकडीच्या बाजूला चढावर जी बैठी घरं आहेत, त्यातलं एक तिचं. घरची माणसं मूळची मालवणकडची. आजोबा गिरणीत होते, वडील एका सोसायटीत प्लंबिंगचं बघतात, आई घरून डबे देते. लॅबमध्ये आमचे रोल नंबर शेजारी आले म्हणून आम्ही पार्टनर झालो. मी प्रोग्राम करायचा म्हणून करते. ती असेम्ब्ली भाषेत, म्हणजे थेट प्रोसेसरला एकेक हुकूम देत, प्रोग्राम असा लिहायची जसं कोणी स्वेटर विणतं. मध्येच थांबायची, दोन ओळी उसवायची, परत घालायची. मी तिला म्हणायचे, "यार, सी भाषेत तीन ओळीत होतंय ते तू वीस ओळीत का करतेस?" ती म्हणायची, "कारण सी तुला सगळं सांगत नाही गं."

परीक्षेच्या आधी चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधली एक छोटी कंपनी कॉलेजात आली होती. लिफ्टची कंट्रोल कार्डं बनवतात. उन्हाळ्यापासून दोन ट्रेनी हवे होते, शिकता शिकता काम, आणि डिग्री झाली की तिथेच नोकरी. लेखी परीक्षेत त्यांनी एक सी मधला लूप दिला होता, ॲरेतल्या, म्हणजे ओळीने ठेवलेल्या, आकड्यांची बेरीज करणारा, आणि तो त्यांच्या कंट्रोलरच्या असेम्ब्लीत लिहायला सांगितला होता. आमच्यातल्या बहुतेकांची तिथे वाट लागली. तिची निवड झाली. अट एकच: रिझल्ट ऑल क्लिअर हवा. केटी लागली, म्हणजे एखाद्या विषयात नापास होऊन तो परत द्यावा लागला, तर जागा दुसऱ्याला.

केटीची तिला भीती नव्हती. आणि प्रॅक्टिकलला तर आमच्याकडे कोणी नापास होतच नाही. जर्नल पूर्ण असलं, कपडे नीट असले, तोंड बंद असलं, की पास. हे मी गंमत म्हणून सांगत नाही, खरंच तसं आहे.

मंगळवारी चिठ्ठ्या उचलायला लावल्या. तिच्या चिठ्ठीवर तोच लूप: पाच आकड्यांचा ॲरे, `i` शून्यापासून चारपर्यंत, `sum = sum + a[i]`. हे 8086 या प्रोसेसरच्या असेम्ब्लीत लिहा, प्रत्येक आकडा एक वर्ड धरा. माझ्या चिठ्ठीवरही तोच, कारण चिठ्ठ्या दहाच होत्या आणि मुलं तीस. म्हणजे आम्ही दोघी शेजारी शेजारी बसून एकच प्रोग्राम करत होतो.

आमच्या लॅब मॅन्युअलमध्ये हा प्रोग्राम आहे. मी तो जर्नलमध्ये उतरवला होता, तिनेही उतरवला होता, कारण मॅन्युअलपेक्षा वेगळं लिहिलं की सर सही करत नाहीत. मी तोच टाइप केला. एसआय नावाच्या रजिस्टरमध्ये ॲरेचा पत्ता, सीएक्समध्ये पाच, म्हणजे किती फेऱ्या, आणि बेरीज साठवायला एएक्समध्ये शून्य. मग लूप: एसआय जिथे बोट दाखवतोय तिथला आकडा एएक्समध्ये मिळव, `INC SI`, म्हणजे एसआय एकने वाढव, आणि परत वर जा. रन केलं, एएक्समध्ये 5555 आलं. मॅन्युअलमध्ये छापलेलंही 5555. झकास. मी हात वर केला.

तिने सगळं तेच लिहिलं, फक्त `INC SI` च्या जागी `ADD SI, 2` लिहिलं. तिचंही उत्तर 5555 आलं.

परीक्षक दोन. एक बाहेरच्या कॉलेजमधून आलेले सर, आणि एक आमचे लॅबचे सर, ज्यांनी ते मॅन्युअल तयार केलंय. बाहेरच्या सरांनी माझ्या स्क्रीनकडे पाहिलं, दोन प्रश्न विचारले, पुढे सरकले. तिच्या स्क्रीनपाशी थांबले.

"हे दोन कुठून आलं?"

"सर, वर्ड दोन बाइटचा असतो. पुढच्या आकड्यावर जायला दोन बाइट पुढे जावं लागतं."

"मॅन्युअलमध्ये एक आहे."

"सर, मॅन्युअलमध्ये चुकलंय."

मला अजून ते दृश्य दिसतं. लॅबचे सर मागेच उभे होते. बाहेरच्या सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. लॅबचे सर हसले, पण ते हसणं वरच्या ओठापर्यंतच आलं. म्हणाले, "चुकलं असतं तर उत्तर पाच पाच पाच पाच आलं असतं का गं? आज किती वर्षं चालतोय हा प्रोग्राम. तू काल आलीस आणि आज मॅन्युअल दुरुस्त करायला लागलीस?"

"सर, डेटा बदलून दाखवते," ती म्हणाली आणि माउसवर हात ठेवला.

"चिठ्ठीवरचा डेटा बदलायचा नाही," बाहेरचे सर म्हणाले. "हे इंटरनेटवरून पाठ केलेलं दिसतंय. हे बघ, मला वाद नकोय. एक कर, मॅन्युअलप्रमाणे लिही, रन कर, मी मार्क देतो. पाच मिनिटं आहेत."

मी खालून तिच्या पायाला पाय लावला. लिही ना बाई. एक ओळ आहे.

तिने लिहिली नाही. मान खाली घालून बसली, कर्सर त्या दोनाच्या पुढे लुकलुकत होता. सरांनी हातातल्या शीटवर काहीतरी लिहिलं. तोंडी प्रश्न विचारलेच नाहीत. पुढची बॅच दाराबाहेर उभी होती.

नंतर जिन्यावर बसून मी तिच्यावर ओरडले. "तुला अक्कल आहे का? एक आणि दोनने काय फरक पडतो, उत्तर तर सेम येतंय!"

"तुलाही कळलं नाही?" ती म्हणाली.

मग तिने मला समजावलं, आणि आता तसंच मी तुम्हाला सांगते, कारण हे कळल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

"आमच्या गल्लीत ये," ती म्हणाली. "समज, एका ओळीत पाच बिऱ्हाडं आहेत आणि प्रत्येकाच्या दोन खोल्या. एकूण दहा दारं. खोली म्हणजे एक बाइट, बिऱ्हाड म्हणजे एक वर्ड. आकडा अख्ख्या बिऱ्हाडात मिळून राहतो, अर्धा पुढच्या खोलीत, अर्धा मागच्या. सी मध्ये तू `i` एकने वाढवतेस तेव्हा कंपायलर तुला पुढच्या बिऱ्हाडात नेतो. किती दारं ओलांडायची ते तो गुपचूप मोजतो. असेम्ब्लीत मोजणारं कोणी नाही. तिथे एकने वाढवलं की तू फक्त एक दार पुढे जातेस."

"म्हणजे?"

"म्हणजे दुसऱ्यांदा वाचताना तू पहिल्याची मागची खोली आणि दुसऱ्याची पुढची खोली उचलतेस, आणि दोन्ही मिळून एक घर समजतेस. पाच वेळा असं केलंस की सहाव्या दारापर्यंतच पोचतेस. चौथं आणि पाचवं बिऱ्हाड तू पाहिलेलंच नाहीस."

"मग उत्तर बरोबर कसं येतं?"

"डेटा काय आहे मॅन्युअलमध्ये?"

1111, पाच वेळा.

"सगळ्या दहा खोल्यांत अकराच आहेत गं. कुठल्याही दोन खोल्या उचल, 1111 च होणार. चुकीच्या घरात शिरलीस तरी भिंतीवर तेच कॅलेंडर."

एवढी सरळ गोष्ट. नंतर आम्हाला काही वर्षांपूर्वी पास झालेल्या एका मुलीकडून जुनं मॅन्युअल मिळालं, तेव्हा हे कसं झालं असेल तेही दिसलं. पूर्वी तो प्रोग्राम बाइटचा होता: 11, पाच वेळा, उत्तर 55. तिथे `INC SI` अगदी बरोबर होतं. मग कोणीतरी सिलॅबस बदलला म्हणून बाइटचा वर्ड केला, 11 चं 1111 केलं, छोटं रजिस्टर मोठं केलं आणि ती एक ओळ तशीच ठेवली. रन केलं, उत्तर पाठीशी उभं राहिलं. मग आमच्यासारख्या मुलांनी ते जर्नलात उतरवलं, सरांनी सह्या केल्या.

जूनमध्ये रिझल्ट लागला. तिला प्रॅक्टिकलला पंचवीसपैकी आठ. पास व्हायला दहा लागतात. मला बावीस. चुकीच्या प्रोग्रामला बावीस.

तिच्या घरी मी गेले होते त्या दिवशी. आई डब्यांना रबर लावत होती. म्हणाली, "अगो, एक काय नि दोन काय, मास्तर सांगतत तां लिवन टाकूचा होता मां! तुका काय मास्तर व्हायचा होता?"

"आई, ते चुकीचं होतं."

"चुकीचा तर चुकीचा. पोटात दुखूक नाय लागला असता कोणाच्या."

आई वाईट नव्हती बोलत. तिच्या हिशेबाने शाळेत मास्तरांशी भांडणारी मुलगी म्हणजे स्वतःच्या ताटात माती घालणारी. मी खाली बसून डब्यांना रबर लावू लागले. मी, जिचं कामच उत्तर देणं आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. मॅडम ऐकून घेणाऱ्या आहेत, हे मी आधीच सांगते, म्हणजे कोणी म्हणायला नको की मी सगळ्यांना एकाच काठीने झोडते. त्यांनी लॅबच्या सरांनाही बोलावलं. सर आले, दाराशी उभे राहिले.

"मॅडम, आउटपुट बरोबर येतो," सर म्हणाले. "मी स्वतः रन केलाय."

"सर, 1111 काढून एक, दोन, तीन, चार, पाच टाकते," माझी मैत्रीण म्हणाली. "बेरीज पंधरा यायला हवी. म्हणजे सोळाच्या मोजणीत, हेक्समध्ये, F."

मॅडमनी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. तिने मॅन्युअलचा प्रोग्राम टाइप केला, एकही अक्षर न बदलता, फक्त डेटा बदलला. रन केलं. एएक्समध्ये आलं 0506.

ती आपणच सांगू लागली, परीक्षेत सांगायचं राहिलं होतं ते. "पहिल्यांदा एक वाचलं, ते बरोबर. 8086 आकड्याची धाकटी बाजू पहिल्या खोलीत ठेवतो. म्हणून दुसऱ्यांदा एकाच्या मागच्या खोलीतलं शून्य आणि दोनाच्या पुढच्या खोलीतलं दोन मिळून 0200 झालं. मग दोन. मग 0300. मग तीन. बेरीज 0506. आपल्या आकड्यांत बाराशे शहाऐंशी. चार आणि पाच मोजलेच नाहीत." मग तिने `INC SI` पुसून `ADD SI, 2` लिहिलं. रन. 000F.

मॅडमनी चष्मा काढला. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

मी अक्षरशः खुर्चीतून उठले. जिंकलो असं वाटलं मला. इतकं सोपं असतं का, असंही वाटलं.

"पण मी काय करू सांग," मॅडम म्हणाल्या. "मार्क भरून गेलेत. प्रॅक्टिकलला रिव्हॅल्युएशन नसतं. लेखी पेपर असता तर फोटोकॉपी काढली असती, परत तपासायला लावला असता. तिची त्या दिवसाची फाइलच नाही आपल्याकडे. बॅच संपली की मशीन रिसेट होतात."

"मॅडम, तुम्ही आत्ता पाहिलंत ना?"

"मी आत्ता पाहिलं. परीक्षकांनी त्या दिवशी काय पाहिलं त्याचं मी काय सांगू?" त्यांनी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "मॅडम, तिच्या जर्नलमध्येही `INC SI` च आहे. माझ्या सहीचं. म्हणजे तिलाही तेव्हा तेच बरोबर वाटत होतं ना?"

बघा हं. आम्हाला मॅन्युअल शब्दशः उतरवायला लावणारा माणूस हाच. आणि तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून उतरवलेलं पान पुढे करणाराही हाच. मी काहीतरी बोलणार होते, पार्टनरने माझा हात दाबला.

परीक्षा विभागात गेलो. खिडकीतल्या बाईंनी ऐकलं, शांतपणे म्हणाल्या, "बेटा, बाहेरच्या परीक्षकांनी लेखी दिलं की 'मार्क देताना चूक झाली', तर वर पाठवता येईल. नाहीतर नाही." बाहेरच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, इंटर्नल सर जे म्हणाले त्यावर मी गेलो, त्यांच्याकडून लिहून आणा. लॅबचे सर म्हणाले, मार्क एक्स्टर्नल देतात, त्यांच्याकडून आणा. या दोन वाक्यांमध्ये आम्ही बराच काळ हेलपाटे घातले. एकदा मी म्हणाले, माझे बावीस कापा आणि तिला द्या, प्रोग्राम तर माझाच चुकलाय. खिडकीतल्या बाई हसल्या. त्यांना वाटलं मी विनोद केला.

मग मी मला येतं ते केलं. पत्रक काढलं.

संघटनेच्या बैठकीत आमच्या सीनिअरसमोर ते वाचलं. तो शाखेत सगळ्यात बोलका, फी-वाढीच्या वेळी गेट बंद पाडलं होतं त्याने. त्याने ते हातात घेऊन पुन्हा दोनदा वाचलं. डोकं खाजवलं.

"यार, हे बरोबर आहे सगळं. पण मोर्चाला घोषणा काय देणार? 'आयएनसी एसआय, मुर्दाबाद'?"

सगळे हसले. मीही हसले. हसू आवरेना, आणि हसताना मला कळत होतं की आता हे होणार नाही.

"मग फी वाढली की काय म्हणतोस?" मी विचारलं. "तेव्हा तर गळा काढतोस."

"फी सगळ्यांची वाढते गं. ही एकीची चूक आहे."

"तिची नाही रे! चूक मॅन्युअलची आहे!"

"तेच तर. मॅन्युअल पास होणाऱ्यांना चालतंय. कोण भांडायला येणार तुझ्याबरोबर? सगळे बावीसवाले आहेत."

पत्रक वाटलं तरीही. गेटपाशी, कॅन्टीनमध्ये. पोरं घ्यायची, बिऱ्हाडांची गोष्ट वाचायची, म्हणायची, "मस्त समजावलंय, व्हायव्हाला कामी येईल," आणि घडी घालून पुस्तकात ठेवायची. एकाने तर माझ्याकडे जास्तीच्या कॉप्या मागितल्या, क्लासला वाटायला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लोकप्रिय पत्रक ते. आणि त्यातल्या मागणीची शेवटची ओळ कोणी वाचलीच नाही.

चारकोपला ती एकटी गेली. मी येते म्हणाले, नको म्हणाली. परत आली तेव्हा मी भांडुपला तिच्या गल्लीच्या तोंडाशी उभी होते. तिथले इंजिनीअर चांगले बोलले म्हणे. तिने सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अगं, आमच्या परीक्षेत तू हेच बरोबर लिहिलंस म्हणून तर घेतलं तुला. आमच्या कंट्रोलरवर वर्ड चार बाइटचा, तू `i` चे बिट दोन जागा डावीकडे सरकवून चारने गुणलंस, मला आठवतंय. तो कंट्रोलर तरी बरा, चुकीच्या पत्त्यावरून वर्ड मागितला की अडून बसतो. तुमचा 8086 गुपचूप वाचतो." मग म्हणाले की कॉलेजशी आमचा करारच तसा आहे, ऑल क्लिअर. मालक ऐकणार नाहीत. दुसऱ्या मुलाला बोलावलंय.

"मग तू काय म्हणालीस?"

"थँक्यू म्हणाले."

"बस?"

"आणखी काय म्हणणार?" ती म्हणाली. "तो माणूसही बरोबर होता. मॅडमही बरोबर. खिडकीतल्या बाईही. सगळे बरोबरच आहेत ना." मग एकदम, "चहा घेशील?"

दुसऱ्या कोणाचं असतं तर मी तिथेच भाषण ठोकलं असतं. मी चहा घेतला. तिच्या आईने मला ताटात दोन घावणे वाढले आणि काहीच विचारलं नाही. त्याचं मला जास्त लागलं.

पुढच्या सत्राला ज्युनिअर बॅचला नवीन मॅन्युअल मिळालं. मी एकाकडून मागून पाहिलं. त्या प्रोग्राममध्ये आता `INC SI` दोनदा लिहिलंय, एकाखाली एक. बरोबर आहे, एकने दोनदा म्हणजे दोन. खाली कसलीही टीप नाही, दुरुस्ती केली म्हणून उल्लेख नाही. मुखपृष्ठावर तेच नाव, तीच सही. आणि डेटा अजूनही 1111, पाच वेळा. म्हणजे उद्या त्यातलं एक कोणी चुकून पुसलं, तरी 5555 परत पाठीशी उभं राहील.

मी ते मॅन्युअल घेऊन लॅबच्या सरांकडे गेले. "सर, म्हणजे तुम्ही मान्य केलंत."

"काय मान्य केलं?"

"की ती बरोबर होती."

"मॅन्युअल दरवर्षी रिवाइज होतं," सर म्हणाले. "तू कोणत्या बॅचची?"

डिसेंबरमध्ये तिने केटीची प्रॅक्टिकल दिली. चिठ्ठी तीच निघाली असं मी म्हणणार नाही, ॲरेमधला सगळ्यात मोठा आकडा शोधायचा होता. पण वर्डचाच ॲरे होता. तिने `ADD SI, 2` लिहिलं. नवीन परीक्षकांनी पाहिलं, मान डोलावली, "हां, दोनदा `INC` पेक्षा हे बरं," म्हणाले आणि वीस दिले. पास. मेमध्ये जी ओळ लिहिली म्हणून नापास, तीच ओळ डिसेंबरमध्ये लिहून पास. मधल्या काळात ती काहीच नवीन शिकली नव्हती. कॉलेज शिकलं होतं, आणि त्याची केटी तिने भरली.

ती आता असेम्ब्ली लिहीत नाही. म्हणजे तिने सोडली असं नाही, विचारलं तर सांगते. पण लॅबमध्ये पुढचा प्रोग्राम आला की ती आधी मॅन्युअल उघडते आणि ते जसंच्या तसं टाइप करते. मी एकदा विचारलं, "हे बरोबर आहे का बघितलंस?" तर म्हणाली, "नाही गं. पास व्हायचंय." मी तिचे सगळे मार्क परत मिळवून दिले असते तरी हे वाक्य परत घेता आलं नसतं.

मी अजून तिच्यासाठी काही करू शकलेले नाही. बाहेरच्या सरांकडून पत्र आलेलं नाही. मॅडम भेटल्या की विचारतात, "तुझी मैत्रीण कशी आहे?" मी म्हणते, "बरी आहे."

आता तुम्ही. तुम्ही शिकत असाल किंवा शिकवत असाल, तुमच्या लॅबचं मॅन्युअल उघडा. वर्डच्या ॲरेची बेरीज करणारा प्रोग्राम काढा आणि लूपमध्ये पत्ता कितीने वाढतोय ते पाहा. डेटातले सगळे सारखे आकडे पुसा, एक, दोन, तीन, चार, पाच टाका, आणि रन करा. बेरीज पंधरा आली नाही, तर त्या पानावर सही करू नका, जर्नलात ते उतरवू नका, आणि नुसती ओळ बदलून गप्प बसू नका. मागच्या वर्षी त्या ओळीसाठी कोणाला नापास केलं ते शोधा आणि तिचे मार्क चुकले होते असं स्वतःच्या सहीने लेखी द्या. आजच द्या.